पोस्टच्या शेवटी एकच काम

छोट्या दवाखान्यांच्या इन्स्टाग्राम किंवा फेसबुक पानावर एक पोस्ट हमखास सापडते. चित्रात हसरं बाळ, वर ठळक अक्षरांत ‘लसीकरण वेळेवर करा’ आणि खाली कॅप्शन. त्या कॅप्शनचा शेवट साधारण असा असतो: ‘पोस्ट आवडली तर लाइक आणि शेअर करा. तुमचे प्रश्न कमेंटमध्ये विचारा. अधिक माहितीसाठी डीएम करा. लिंक बायोमध्ये आहे. आजच आमच्या क्लिनिकला भेट द्या.’

यातली एकेक सूचना सुटी घेतली तर ठीक वाटते. पण ही पोस्ट वाचणारी आई एकच प्रश्न घेऊन आलेली असते. दुपारी बाळ झोपल्यावर ती फोन हातात घेते. बाळाची दीड वर्षाची लस राहून गेली आहे, आता काय करायचं, एवढंच तिला जाणून घ्यायचं असतं. कमेंट केली तर उत्तर मिळेल की मेसेज केल्यावर? लिंकमध्ये नेमकं काय आहे? थेट गेलं तर लस असेल का? हे ठरवायचं काम दवाखान्याने तिच्यावर टाकलेलं असतं. ती लाइक करते आणि पुढे जाते. पोस्टला लाइक मिळतात, लस मात्र राहिलेलीच राहते.

म्हणून प्रत्येक कॅप्शनमध्ये वाचणाऱ्याला एकच काम सांगायचं आणि ते कोणतं हे लिहायला बसण्याआधी ठरवायचं. या सांगण्याला जाहिरातीच्या क्षेत्रात ‘सीटीए’ म्हणतात. दवाखान्यापुरते त्याचे चार प्रकार पुरतात: कमेंट करा, मेसेज करा, लिंक उघडा किंवा दवाखान्यात या. कोणत्या पोस्टला यातलं कोणतं काम जोडायचं, याचा निर्णय सवयीवर सोडू नये. तो विषयातून निघतो, आणि दवाखान्याच्या बाबतीत तो चुकला तर नुकसान फक्त प्रसिद्धीचं होत नाही.

समजण्यासाठी एक दवाखाना डोळ्यांसमोर धरू. तालुक्याच्या गावातले बालरोगतज्ज्ञ, एकच डॉक्टर, समोर बसणाऱ्या एक रिसेप्शनिस्ट ताई, एक मोबाइल आणि सकाळ-संध्याकाळची ओपीडी. पोस्ट डॉक्टर स्वतः किंवा ताई लिहितात. जाहिरातीला वेगळा माणूस नाही. महाराष्ट्रातले बहुतेक छोटे दवाखाने असेच चालतात.

उत्तर कोणासाठी आहे?

काम निवडताना पहिला प्रश्न असा विचारावा: वाचणाऱ्याला हवं असलेलं उत्तर सगळ्यांसाठी एकच आहे, की प्रत्येकासाठी वेगळं?

उत्तर सगळ्यांसाठी सारखं असेल आणि दोन-चार ओळींत मावत असेल, तर ते कॅप्शनमध्येच लिहून टाकावं. ओपीडीची वेळ सांगण्यासाठी ‘डीएम करा’ म्हणणं हा वाचणाऱ्याला दिलेला विनाकारण त्रास आहे. उत्तर सारखंच पण लांब असेल, म्हणजे तक्ता, नकाशा किंवा फॉर्म असेल, तर लिंक द्यावी. उत्तर त्या एका बाळापुरतं असेल तर मेसेज. आणि बाळाला हात लावून, तपासून, वजन करूनच सांगता येणारं असेल तर भेट. कमेंटचं ठिकाण या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे. जिथे दवाखान्यालाच लोकांकडून काही जाणून घ्यायचं आहे आणि ते चारचौघांत बोलण्यासारखं आहे, तिथेच कमेंट मागावी.

दुसरा प्रश्न दवाखान्याने स्वतःला विचारायचा: आपण जे करायला सांगतो आहोत, ते लोकांनी खरोखर केलं तर समोर कोण असेल? वीस मेसेज आले तर त्यांना उत्तर कोण देणार, केव्हा देणार? सकाळी पंधरा बाळं लसीसाठी आली तर फ्रीजमध्ये तेवढे डोस आहेत का? याचं उत्तर ‘बघू’ असं येत असेल तर ते काम त्या पोस्टमध्ये सांगू नये.

कमेंट: चारचौघांत बोलण्यापुरती

कमेंट मागणं सगळ्यांत सोपं वाटतं आणि दवाखान्याच्या पानावर सगळ्यांत जास्त चुका तिथेच होतात. ‘तुमच्या बाळाला कोणता त्रास आहे? कमेंटमध्ये लिहा’ असं विचारलं की लोक खरोखर लिहितात. बाळाचं नाव, वय, कधीपासून जुलाब होतात, आधी कोणत्या डॉक्टरांनी काय औषध दिलं, सगळं. कुणी अंगावरच्या पुरळाचा फोटोही टाकतं. ही माहिती आता गावातले सगळे वाचू शकतात. तिच्या खाली दवाखान्याने ‘ताई, मागच्या आठवड्यात दिलेलं औषध चालू ठेवा’ असं उत्तर दिलं, तर ते बाळ आपलं रुग्ण आहे आणि त्याला औषध चालू आहे, हे डॉक्टरांनीच जाहीर केलं असं होतं. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेत रुग्णाविषयीची गुप्तता पाळण्याचं बंधन आहे. समोरच्याने आधी स्वतः लिहिलं होतं, ही त्यावरची सबब होऊ शकत नाही.

कमेंटमध्ये मागायचं असेल तर मत मागावं, आजार मागू नये. ‘संध्याकाळची ओपीडी सहाला सुरू व्हावी की सातला? तुम्हाला सोयीची वेळ कमेंटमध्ये लिहा.’ यात कुणाची खाजगी गोष्ट उघडी पडत नाही आणि उत्तरांचा दवाखान्याला उपयोग होतो. ‘बाळाला वरचं अन्न सुरू करण्याबद्दल तुमच्या घरात कोणती एक गोष्ट ऐकायला मिळते?’ हाही चांगला प्रश्न आहे. त्यातून आजी-आजोबांच्या समजुती कळतात आणि पुढच्या पोस्टचे विषय मिळतात.

नुसतीच गर्दी जमवण्यासाठी कमेंट मागू नये, याला आणखी एक कारण आहे. ‘हो असेल तर येस लिहा’, ‘पाच मैत्रिणींना टॅग करा’ अशा आमिषाच्या पोस्ट कमी लोकांपर्यंत पोहोचवण्याचं धोरण फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं. खरा सल्ला किंवा शिफारस मागणाऱ्या पोस्ट त्यातून वगळल्या आहेत.

मेसेज: जिथे उत्तर एकाच घरासाठी आहे

राहिलेल्या लसीचा विषय घ्या. सरकारी वेळापत्रकाप्रमाणे गोवर-रुबेला लसीचा दुसरा डोस आणि त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर बाळ १६ ते २४ महिन्यांचं असताना द्यायचा असतो. तो राहिला तर पुढे काय, याचं एकच उत्तर देता येत नाही. बहुतेक लसींच्या बाबतीत एखादा डोस चुकला म्हणून सुरुवातीपासून सगळं पुन्हा द्यावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चालू करतात. पण रोटाव्हायरससारख्या लसीला वयाची मर्यादा आहे, त्या वयानंतर ती देत नाहीत. म्हणजे कार्ड पाहिल्याशिवाय सांगणं कठीण. उत्तर त्या एका बाळाचं आहे आणि ते देण्यासाठी कार्डाचा फोटो पुरतो. मेसेजला याहून योग्य विषय सापडणार नाही.

‘मेसेज करा’ एवढंच लिहिलं की लोक ‘हाय’ लिहून थांबतात. मग ताई ‘बोला’ म्हणतात, पलीकडून ‘लसीबद्दल विचारायचं होतं’ असं येतं, आणि चार मेसेज झाल्यावर मूळ प्रश्न कळतो. म्हणून कुठे, काय आणि उत्तर कधी, या तिन्ही गोष्टी त्याच वाक्यात याव्यात. डॉक्टर चिठ्ठीवर गोळीच्या नावापुढे सकाळी की रात्री, जेवणाआधी की नंतर, किती दिवस, हे लिहितात, तसंच हे आहे.

‘कुठे’ म्हणजे एकच जागा. इन्स्टाग्रामचा इनबॉक्स, फेसबुकचा मेसेंजर आणि व्हॉट्सअ‍ॅप अशा तीन ठिकाणी एकटी ताई लक्ष ठेवू शकत नाही. आपल्याकडे लोकांना व्हॉट्सअ‍ॅप सोयीचं पडतं, तेव्हा तेच ठेवावं. त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस हे मोफत अ‍ॅप दवाखान्याच्या नंबरवर घ्यावं, डॉक्टरांच्या घरच्या नंबरवर नको. त्यात दवाखाना बंद असताना आपोआप जाणारा मेसेज लावता येतो, वारंवार द्यायची उत्तरं साठवून ठेवता येतात आणि प्रत्येक संवादाला लेबल लावता येतं. थेट त्या नंबरवर चॅट उघडणारी लिंकही बनवता येते:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX?text=LAS
```

यात ९१ नंतर दवाखान्याचा दहा आकडी नंबर येतो. मध्ये अधिकचं चिन्ह, सुरुवातीचा शून्य किंवा मोकळी जागा ठेवायची नाही. लिंक उघडल्यावर LAS हा शब्द आधीच लिहिलेला दिसतो, पाठवणाऱ्याने फक्त बटण दाबायचं. मेसेज कोणत्या पोस्टवरून आला हेही त्या शब्दावरून ताईंना लगेच कळतं.

मेसेजची एक सीमा मात्र घट्ट पाळावी लागते. लोक कार्डाच्या फोटोसोबत ‘बाळाला तापही आहे, कोणतं औषध देऊ?’ असं विचारणार. त्याचं उत्तर ताईंनी द्यायचं नाही. २५ मार्च २०२० रोजी जाहीर झालेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मजकुरावरूनही सल्ला देता येतो. पण तो नोंदणीकृत डॉक्टरांनीच द्यायचा, रुग्णाची ओळख पटवून द्यायचा, त्याची नोंद ठेवायची आणि हे दुरून सांगण्यासारखं आहे की प्रत्यक्ष तपासायला हवं, हेही डॉक्टरांनीच ठरवायचं. ताईंकडे यासाठी एक तयार वाक्य हवं: ‘तापाबद्दल मेसेजवर सांगता येत नाही, बाळाला ओपीडीत घेऊन या.’

लिंक: एका टिचकीत तेच पान उघडलं पाहिजे

लिंकचं काम मर्यादित आहे, पण तिथे तांत्रिक चूक फार होते. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिहिलेली लिंक दाबता येत नाही. ती नुसती अक्षरं म्हणून दिसते आणि कोणीही ती पाहून हाताने टाइप करत बसत नाही. तिथे लिंक प्रोफाइलच्या बायोमध्ये किंवा स्टोरीवर स्टिकर लावून द्यावी लागते. बायोमध्ये २०२३ पासून पाचपर्यंत लिंक ठेवता येतात. फेसबुकच्या पोस्टमध्ये आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक थेट उघडते. गूगलवर दवाखान्याची बिझनेस प्रोफाइल असेल तर तिथल्या पोस्टला ‘अधिक जाणून घ्या’ किंवा ‘आता कॉल करा’ असं एकच बटण जोडता येतं. एका पोस्टला एकच बटण, ही शिस्त तिथे आपोआप पाळली जाते.

एकच मजकूर तिन्ही ठिकाणी जसाच्या तसा चिकटवला की फेसबुकवरही ‘लिंक बायोमध्ये’ असं राहून जातं, आणि वाचणारा नसलेली गोष्ट शोधत बसतो. कॅप्शनचा बाकी मजकूर तोच असू दे, शेवटची ओळ मात्र त्या त्या जागेप्रमाणे बदलावी.

लिंक कुठे पोहोचते, हेही तितकंच महत्त्वाचं. ‘जन्मापासून सोळा वर्षांपर्यंतच्या लसींचा तक्ता पाहा’ असं लिहिलं तर उघडल्यावर तक्ताच दिसला पाहिजे. संकेतस्थळाचं पहिलं पान, त्यावर डॉक्टरांचं छायाचित्र आणि पदव्या, मग कुठेतरी तक्ता, असं असेल तर माणूस परत जातो. फॉर्म भरून घ्यायचा असेल तर किमान माहितीच मागावी. नुसती वेळ ठरवायला बाळाचा आजार विचारण्याची गरज नसते.

भेट: तपासायचं असेल तेव्हाच

‘आजच भेट द्या’ हे वाक्य बहुतेक पोस्टच्या शेवटी सवयीने येतं. लसीच्या पोस्टमध्ये ते वाचणाऱ्याला गोत्यात आणू शकतं. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते, त्यामुळे छोटा दवाखाना प्रत्येक लसीचे मोजकेच डोस ठेवतो. सरकारी केंद्रात गोवर-रुबेलाची एक कुपी अनेक डोसांची असते आणि एकदा द्रावण तयार केलं की ती चार तासांत वापरावी लागते, म्हणून तिथे लसीकरणाचे दिवस ठरलेले असतात. न विचारता बाळाला घेऊन खेड्यावरून एसटीने आलेल्या आईला ‘आज डोस संपला’ असं ऐकावं लागलं, तर पुढच्या वेळी ती पोस्टवर विश्वास ठेवणार नाही.

भेटीचं सांगणं तिथे योग्य, जिथे तपासणीशिवाय काही कळणारच नाही: कान दुखून बाळ रात्रभर रडतं, वजन वाढत नाही, अंगावर पुरळ आलं आहे. त्या कॅप्शनमध्ये वार, वेळ, मजला, नंबर लावण्याची पद्धत आणि सोबत काय आणायचं, हे सगळं असावं. ‘सोमवार ते शनिवार सकाळी १० ते १ या वेळेत बाळाला घेऊन या, आधीच्या औषधांची चिठ्ठी सोबत आणा’ हे पूर्ण सांगणं झालं.

एका विषयात तर भेटीशिवाय दुसरं काही लिहिणं धोक्याचं आहे. डेंग्यूच्या पोस्टमध्ये धोक्याची लक्षणं सांगतात: पोटात तीव्र दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, बाळ मलूल पडणं. ही लक्षणं बरेचदा ताप उतरायला लागल्यावर दिसतात, त्यामुळे घरचे निर्धास्त असतात. अशा पोस्टखाली ‘लक्षणं दिसल्यास डीएम करा’ असं लिहिलं, तर दवाखान्याने त्या घराचे मोलाचे तास मेसेजच्या उत्तराची वाट पाहण्यात घालवले, असं होईल. तिथे एकच ओळ हवी: ‘यातलं एकही लक्षण दिसलं तर वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात जा, गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.’ त्यात आपल्या दवाखान्याचं नाव नसलं तरी चालेल. रात्री बंद असणाऱ्या दवाखान्याचं नाव तर नसावंच.

भेटीला बोलावताना कायद्याचीही एक मर्यादा आहे. अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांना लागू असलेल्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्ण मिळवण्यासाठी थेट किंवा आडून केलेली मागणी अनैतिक ठरते. दवाखाना सुरू झाला, पत्ता बदलला, डॉक्टर रजेवर आहेत, पुन्हा रुजू झाले, शुल्क इतकं आहे, अशा औपचारिक घोषणांना तिने मुभा दिली आहे. सार्वजनिक आरोग्याविषयी स्वतःच्या नावाने लिहायलाही हरकत नाही. समाजमाध्यमांवरच्या वागणुकीचा वेगळा भाग असलेली नवी नियमावली ऑगस्ट २०२३ मध्ये आली होती, पण त्याच महिन्यात ती स्थगित झाली आणि २००२ चीच पुन्हा लागू झाली. म्हणून ‘या आठवड्यात तपासणीवर २० टक्के सूट, त्वरा करा’ हे दुकानाला शोभेल, दवाखान्याला नाही. वेळ, जागा आणि कोणी यावं एवढं सांगितलं की भेटीचं सांगणं पुरं होतं.

एक कॅप्शन, ओळीओळीने

आता सुरुवातीची पोस्ट पुन्हा लिहू. विषय तोच, राहिलेली लस. काम ठरलं: मेसेज.

‘दीड वर्षाची लस राहून गेली? बहुतेक लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागत नाहीत.

गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो. बाळ आजारी होतं, गावाला गेलो होतो, अशा कारणांनी तो राहतो. राहिलेला डोस कधी द्यायचा हे आधी कोणत्या लसी झाल्या आहेत त्यावर ठरतं. या लसी सरकारी आरोग्य केंद्रातही मोफत मिळतात.

बाळाच्या लसीकरण कार्डाचा फोटो आमच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवा. कोणती लस राहिली आहे आणि ती कधी घेता येईल, हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कळवू.’

खाली नंबर. बाकी काही नाही.

पहिल्या ओळीत प्रश्न आहे आणि अर्धं उत्तरही आहे. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फीडमध्ये सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला ‘आणखी’ दाबावं लागतं. ‘आमच्या दवाखान्यात आपलं स्वागत आहे’ अशा वाक्यात ती जागा गेली की ज्या आईसाठी पोस्ट लिहिली तिला ती आपल्यासाठी आहे हे कळतच नाही.

मधल्या परिच्छेदाचा उपयोग एकच, शेवटची मागणी रास्त का आहे हे पटवणं. ‘आधी कोणत्या लसी झाल्या आहेत त्यावर ठरतं’ हे वाचल्यावर कार्डाचा फोटो कशाला मागतात, हा प्रश्न उरत नाही. कारण न सांगता फोटो मागितला तर लोक बिचकतात, आणि त्यांचं बिचकणं योग्यच आहे. सरकारी केंद्राचा उल्लेख काहींना तोट्याचा वाटेल. पण तो खरा आहे, आणि ज्यांना खाजगी लस परवडत नाही त्यांचं बाळही त्या वाक्यामुळे संरक्षित होईल.

शेवटच्या परिच्छेदात क्रियापद एकच आहे: पाठवा. काय, कुठे आणि उत्तर कधी, हे तिन्ही आहे. ‘लगेच कळवू’ असं लिहिलेलं नाही, कारण ओपीडी चालू असताना डॉक्टर कार्ड पाहू शकत नाहीत. पाळता येईल असा वेळ सांगितला की लोक शांतपणे थांबतात.

पोस्ट टाकण्याआधी ताईंच्या फोनवर हे उत्तर साठवलेलं हवं: ‘नमस्कार. कार्डाचा फोटो मिळाला. डॉक्टर पाहून उद्या संध्याकाळपर्यंत कळवतील. बाळाला आत्ता ताप, जुलाब किंवा दुसरा काही त्रास असेल तर उत्तराची वाट न पाहता दाखवायला आणा.’

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कार्ड पाहिल्यावर पुढचा मेसेज जातो: ‘गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर राहिला आहे. दोन्ही एकाच दिवशी देता येतात. गुरुवारी सकाळी १० ते १ मध्ये कार्ड घेऊन या.’ आता ‘या’ म्हणायला हरकत नाही, कारण गुरुवारी त्या बाळासाठी डोस काढून ठेवला आहे. हवी असल्यास नकाशाची लिंक याच मेसेजमध्ये द्यावी. म्हणजे जी कामं पहिल्या कॅप्शनमध्ये एकत्र कोंबली होती, त्यातली बरीचशी शेवटी होतातच, पण एकामागून एक आणि ज्याची गरज त्याच्याच वाट्याला.

निवड चुकली हे कसं ओळखायचं?

लाइकच्या आकड्यावरून हे कळत नाही. ताईंच्या वहीत पोस्टची तारीख लिहून तीन रकाने आखावेत: सांगितलेलं काम किती जणांनी केलं, त्यातल्या किती जणांना वेळेत उत्तर गेलं आणि किती जण शेवटी आले. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘लस’ असं लेबल लावलं तर पहिले दोन रकाने भरायला फार वेळ लागत नाही. एका पोस्टवरून निष्कर्ष काढू नये. त्याच प्रकारच्या तीन-चार पोस्ट झाल्या की चित्र दिसू लागतं.

मग आकड्यांपलीकडच्या खुणा वाचाव्यात. मेसेज मागितला होता, पण खाली कमेंटमध्ये ‘फी किती?’, ‘रविवारी चालू का?’ असे प्रश्न आले, तर सगळ्यांना लागणारी माहिती कॅप्शनमध्ये राहिली. ती लगेच मजकुरात घालावी, प्रत्येकाला ‘डीएम केलं आहे’ असं लिहीत बसू नये. मेसेज भरपूर आले, पण निम्मे रात्री अकराला आणि सकाळी अनुत्तरित, तर आपण न पेलणारं काम मागितलं. तिथे उत्तराचा वेळ वाढवून लिहावा किंवा महिनाभर भेटीचं सांगणं करावं. लिंक बरीच उघडली गेली, पण फॉर्म कोणी भरला नाही, तर दोष बहुधा कॅप्शनचा नसून पलीकडच्या पानाचा असतो. ते पान स्वतःच्या साध्या मोबाइलवर, घरच्या नेटवर उघडून पाहावं. आणि कमेंटमध्ये आजार किंवा बाळाचे फोटो येऊ लागले तर वाट पाहू नये. त्या कमेंट लपवाव्यात, लिहिणाऱ्याला खाजगीत ‘तुमच्या बाळाची माहिती सगळ्यांना दिसू नये म्हणून कमेंट लपवली आहे, दवाखान्यात फोन करा’ असं कळवावं, आणि त्या विषयाला पुन्हा कधीही कमेंटचं सांगणं जोडू नये.

काही लोक काहीही लिहिलं तरी फोनच करतील. ज्यांना वाचायला अडचण आहे किंवा नातवाचं कार्ड घेऊन बसलेले आजोबा ज्यांना फोटो पाठवता येत नाही, त्यांच्यासाठी फोन घेणारं माणूस हवंच. नंबर प्रोफाइलवर कायम असावा. तो तिथे असल्याने कॅप्शनमधलं एकच काम बिघडत नाही.

दवाखान्याच्या पानासाठी लिहिणाऱ्यांनी एवढं करावं. पुढची पोस्ट टाकण्याआधी तिचे शेवटचे दोन वाक्य ताईंना मोठ्याने वाचून दाखवावेत आणि विचारावं, ‘हे वाचून उद्या कोण काय करेल, आणि तेव्हा आपल्याकडे त्याचं उत्तर कोण देईल?’ त्यांनी न अडखळता एकच गोष्ट सांगितली तर पोस्ट टाकावी. दोन गोष्टी सांगितल्या तर एक खोडावी. आणि उत्तर देणारं कोणी नसेल, तर ते काम त्या दिवशी कुणालाही सांगू नये.